प्रत्येक विसावं घर

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा थेरगावातही ड्रम आणि टँकर हे शब्द घरोघरी शिरले. आता कुणी विचारलं की इथल्या किती घरांना पाणी विकत घ्यावं लागतं, तर डांगे चौकात उभ्या असलेल्या सहा माणसांकडून सहा उत्तरं मिळतील. आणि सहाही जण आपापल्या इमारतीपुरतं खरंच बोलत असतील.

म्हणून सर्वेक्षण. एका भागात १२०० घरं आहेत असं धरू: सोसायट्यांमधले ८४० फ्लॅट, गुंठ्या-दोन गुंठ्यांवरची २४० स्वतंत्र घरं आणि भाड्यानं दिलेल्या चाळींतल्या १२० खोल्या. हे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेत, मोजून आणलेले नाहीत. यातल्या ६० घरांनाच विचारायचं आहे. ती साठ कोणती, हे ठरवताना जे बोललं जातं त्यात चुकीचं बरंच असतं.

“रँडम म्हणजे कुणालाही विचारा.”

नाही. रँडम म्हणजे यादीतल्या प्रत्येक घराला निवडलं जाण्याची संधी आहे, ती किती आहे हे आधीच माहीत आहे, आणि निवड माणसाच्या मर्जीवर नाही. चौकात उभं राहून भेटेल त्याला विचारलं, तर दुपारपाळीला चाकणला गेलेला कामगार भेटायची संधी किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

घरं ‘अशीच मनानं’ निवडली तरी तोच घोटाळा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी चाळीसच्या दशकात पीक-कापणीच्या नमुन्यांवर काम केलं. कापणीसाठी अगदी लहान तुकडा आखला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं, हा त्यांचा आक्षेप होता. त्यात लबाडी नसते. हात आपोआप भरल्या ताटाकडे वळतो. सर्वेक्षकाचे पायही तसेच लिफ्ट असलेल्या इमारतीकडे वळतात.

साध्या यादृच्छिक निवडीत म्हणूनच सोडत काढतात. १२०० चिठ्ठ्या डब्यात टाकून ६० काढा, किंवा एक्सेलच्या यादीशेजारच्या स्तंभात प्रत्येक घरापुढे `=RAND()` लिहा, त्या स्तंभानुसार यादी लावा आणि वरची साठ घरं घ्या. एक काळजी घ्यायची: शीटमध्ये काहीही बदललं की हे आकडे पुन्हा नव्यानं पडतात. त्यामुळे सोडत होताच ते नुसत्या आकड्यांच्या रूपात चिकटवून गोठवायचे. ते केलं नाही, तर आवडेल ती साठ घरं येईपर्यंत सोडत काढत बसता येतं, आणि बाहेरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

“सोडत काढली की सगळ्यांना आपोआप योग्य वाटा मिळतो.”

सरासरीनं मिळतो, तुमच्या हातातल्या एका सोडतीत मिळेलच असं नाही. चाळीतल्या खोल्या यादीच्या एक दशांश आहेत, तेव्हा साठात सहा यायला हव्यात. पण साध्या सोडतीत हा आकडा बहुतेक वेळा दोन ते दहा यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. दोनच आल्या तर त्या दोन कुटुंबांच्या उत्तरांवर १२० खोल्यांचं चित्र उभं राहणार. पद्धत चुकलेली नाही. ती असंच वागते.

“दर विसावं घर घेतलं म्हणजे झालंच की रँडम.”

या गैरसमजाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण ही पद्धत सगळ्यात सोपी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वापरली जाते. १२०० भागिले ६० म्हणजे २०. एक ते वीसमधला एक आकडा सोडतीनं काढायचा, समजा ३ आला, की मग ३, २३, ४३, ६३ असं शेवटपर्यंत जायचं. याला पद्धतशीर निवड म्हणतात. यात रँडम असतो तो फक्त पहिला आकडा. तोच कुणी ‘चला, एकपासून सुरू करू’ म्हणून ठरवला, तर सोडत झालीच नाही.

पुढचं सगळं यादीच्या क्रमावर अवलंबून. आपल्या यादीत आधी फ्लॅट, मग स्वतंत्र घरं, शेवटी चाळी असा क्रम असेल, तर दर विसाव्या घराच्या चालीत ४२ फ्लॅट, १२ घरं आणि बरोबर ६ खोल्या येतात. जो वाटा साधी सोडत देईलच असं नव्हतं, तो इथे काही न करता पदरात पडला. क्रम लावलेल्या यादीवर पद्धतशीर निवड बहुधा साध्या सोडतीपेक्षा सरस ठरते, ती यामुळे.

आता त्याच साठ घरांमधले फ्लॅट जवळून पाहा. इमारती अकरा मजल्यांच्या आहेत, मजल्यावर चार फ्लॅट, आणि यादी मजल्यांच्या क्रमानं १०१, १०२, १०३, १०४, मग २०१ अशी. तिसरं नाव म्हणजे १०३. तेविसावं सहाव्या मजल्यावर पडतं, ६०३. त्रेचाळिसावं ११०३. त्रेसष्टावं पुढच्या विंगमध्ये जातं, तिथलं ५०३. वीस ही चारच्या पाढ्यातली संख्या असल्यामुळे बेचाळीसच्या बेचाळीस फ्लॅटचा शेवट ०३ नेच होतो. ०१ आणि ०४ हे कोपऱ्यातले टू बीएचके आणि ०२, ०३ हे मधले वन बीएचके असतील, तर आपल्या नमुन्यात टू बीएचकेमधलं एकही कुटुंब नाही. मधल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू जास्त असतील, तर टँकरचे पैसे देखभाल खर्चातून जातात की वेगळे, याचं उत्तरही एकाच बाजूला झुकणार. सुरुवात ३ ऐवजी १ आली असती, तर सगळे ०१ आले असते आणि निष्कर्ष उलटा निघाला असता.

हे ओळखायचं कसं? निवडलेल्या फ्लॅटचे शेवटचे आकडे एकाखाली एक लिहून काढा. तोच तोच आकडा दिसला की समजा, यादीच्या तालात आपली पावलं अडकली. उपायही साधा आहे: यादी मजल्यांऐवजी फ्लॅटच्या प्रकारानुसार लावा, आधी सगळे वन बीएचके, मग टू बीएचके, आणि मग दर विसावं घर घ्या.

दुसरी मेख यादीच्या शेपटात असते. घरं नेमकी १२०० कधीच निघत नाहीत. ती १२५० निघाली, भागाकार २० पूर्णांक काहीतरी आला, आपण २० धरले आणि साठ घरं होताच थांबलो, तर सुरुवात विसापासून झाली तरी शेवटचं घर १२००वं. पुढच्या पन्नासांना संधी शून्य. यादीच्या शेवटी बहुतेकदा नंतर सापडलेल्या खोल्या जोडलेल्या असतात, म्हणजे वगळल्या जातात त्या नेमक्या त्याच. यावर वर्तुळाकार निवड हा तोडगा आहे: सुरुवात १ ते १२५० मधून कुठूनही सोडतीनं काढायची आणि यादी संपली की पुन्हा पहिल्या नावावर येऊन मोजणी चालू ठेवायची.

आणि एक मर्यादा मान्यच करावी लागते. दर विसाव्या घराच्या चालीत एकूण नमुने वीसच शक्य असतात आणि आपण त्यातला एक उचलतो. आपला अंदाज किती हलू शकतो, हे एकाच नमुन्यावरून नीट काढता येत नाही. म्हणून मी दोन सुरुवाती काढतो, दर चाळिसाव्या घराच्या, तीस-तीस घरांच्या. दोन्ही तिसांची उत्तरं जवळजवळ आली तर ठीक. फार लांब गेली तर निष्कर्षाचा आवाज खाली आणायचा.

“स्तरित निवड म्हणजे प्रत्येक गटातून सारखी माणसं.”

स्तरित निवडीत यादी आधीच गटांत वाटतात आणि प्रत्येक गटात वेगळी सोडत काढतात. प्रमाणात घ्यायचं तर ४२, १२ आणि ६. पण सहा खोल्यांवरून चाळींबद्दल काही म्हणता येत नाही. म्हणून मुद्दाम ३० फ्लॅट, १२ घरं आणि १८ खोल्या घेतल्या तरी चालतं. आपल्या देशाच्या २०२२-२३च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरांमध्ये दहा लाखांवरची मोटार असलेली कुटुंबं, त्याहून स्वस्त मोटार असलेली आणि उरलेली, असे स्तर केले होते. श्रीमंत कुटुंबं यादीत थोडी असतात. साध्या सोडतीत ती हाती लागतीलच याचा भरवसा नाही.

पण जो जादा घेतला, त्याचा हिशेब शेवटी चुकता करावा लागतो. समजा पाणी विकत घ्यावं लागतं असं ३० पैकी २१ फ्लॅटनी, १२ पैकी ३ घरांनी आणि १८ पैकी ३ खोल्यांनी सांगितलं. सरळ बेरीज केली तर ६० पैकी २७, म्हणजे ४५ टक्के. हे उत्तर चूक आहे. इथला प्रत्येक फ्लॅट २८ फ्लॅटच्या वतीनं बोलतो, प्रत्येक घर २० घरांच्या वतीनं आणि प्रत्येक खोली साधारण पावणेसात खोल्यांच्या. त्या हिशेबानं ५८८ फ्लॅट, ६० घरं आणि २० खोल्या, एकूण ६६८. बाराशेत जवळपास ५६ टक्के. अकरा टक्क्यांचा हा फरक पाण्यानं नाही, विसरलेल्या भारानं पाडला.

आणखी एक. ‘मला अठरा चाळवाले आणा’ असं सर्वेक्षकाला सांगून ते त्याच्या सोयीनं गोळा केले, तर तो कोटा झाला. गट तेच, पण आत सोडत नाही.

“नमुना मोठा घेतला की यादीचे दोष झाकले जातात.”

मिळकतकराची यादी घ्या. ती मालमत्तेची यादी आहे, राहणाऱ्यांची नाही. एका मालकाच्या नावावरच्या दहा खोल्यांची चाळ तिथे एकच नोंद असू शकते. मतदार यादी घेतली, तर नाव अजून गावाकडेच असलेला कामगार सुटतो. जे घर यादीतच नाही त्याला साठ काय, सहाशेच्या नमुन्यातही जागा नाही. १९३६च्या अमेरिकी निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’नं टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांचा मोठा आधार घेऊन वीस लाखांहून जास्त उत्तरं जमवली आणि तरी हरणारा उमेदवार जिंकणार म्हणून छापलं. याद्या तर एकांगी होत्याच, शिवाय पत्रिका मिळालेल्या बहुतेकांनी उत्तरच दिलं नव्हतं. आपल्याकडे उपाय पायी फिरण्याचा आहे: सोडतीआधी गल्लीतून जाऊन चुली मोजायच्या आणि यादी पुरी करायची.

“कुलूप असेल तर शेजारचं घर घ्या.”

तिन्ही पद्धतींनी नेटानं केलेलं काम इथे पाण्यात जातं. सकाळी अकराला ज्याचं दार बंद असतं, तो पहिल्या पाळीला तरी गेलेला असतो, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला. शेजारचं उघडं दार म्हणजे घरी कुणीतरी असलेलं कुटुंब, आणि टँकर आला की खाली उतरायला माणूस असलेलं. दोघांचं पाणी सारखं नाही. तेव्हा त्याच दारावर आणखी दोनदा जा, एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी. तरीही साठपैकी अठ्ठेचाळीसच दारं उघडली, तर अहवालात अठ्ठेचाळीसच लिहा आणि उरलेली बारा कोणत्या गटातली होती तेही लिहा.