तिसऱ्या पाळीतला धोका

चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमधला कामगार डोळ्यांसमोर आणा. गेला आठवडा त्याला पहिली पाळी होती, या सोमवारपासून तिसरी. सोमवारी मुलांच्या शाळेमुळे तो सकाळी सातला उठला. दुपारी पडून पाहिलं, पण पत्र्याखालच्या खोलीत झोप लागली नाही. रात्री दहाला तो मशीनवर उभा राहिला. मध्यरात्री त्याच्या जागेपणाला सतरा तास झाले.

ऑस्ट्रेलियातले संशोधक डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. सतरा तास जागलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, आणि चोवीस तासांनंतर तो सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे रस्त्यावर ज्याची गाडी पोलीस अडवतील, तशा अवस्थेतल्या माणसाला आपण मध्यरात्री प्रेससमोर उभं करतो. त्यातच पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि डुलकी अनावर होते.

सकाळी सहाला पाळी सुटते, पण बदली माणूस येत नाही. सुपरवायझर म्हणतो, “डबल कर.” नाही म्हटलं तर सगळ्या लाइनसमोर पाणउतारा होतो. कंत्राटी कामगाराला तर उद्यापासून गेट बंद होण्याची भीती असते. म्हणून “मला झोप येतेय” हे वाक्य तो बोलतच नाही. सातला त्याचे चोवीस तास भरतात, आणि मशीन चालूच असतं.

थकवा, कामाचा ताण आणि दमदाटी यांची नावं वेगवेगळी असली तरी कारखान्यात ती अशी एकत्र येतात. थकवा अपघात जवळ आणतो आणि दमदाटी तो थकवा लपवून ठेवते. म्हणूनच २०२१ च्या आयएसओ ४५००३ या मार्गदर्शक मानकात ही सारी संकटं सुरक्षा व्यवस्थेतच हाताळायला सांगितली आहेत. उघड्या गिअरवर जाळी बसवतो, तसाच बंदोबस्त इथेही हवा. कामगाराला योगवर्गाला पाठवून भागत नाही.

पहिली दुरुस्ती पाळीच्या तक्त्यात करायची. शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे आणणं अवघड. म्हणून पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढे सरकाव्यात. उलट क्रमात दुसरी पाळी रात्री दहाला सुटून पहिली सकाळी सहाला गाठायची वेळ येऊ शकते. मधल्या आठ तासांत प्रवास, जेवण आणि आंघोळ वजा करा, झोपेला किती उरतात ते दिसेल. युरोपीय संघाच्या नियमात दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती आहे. सलग रात्रपाळ्याही दोन-तीनच असाव्यात. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र विचार करता चौथ्या रात्री अपघाताचा धोका पहिल्या रात्रीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त दिसतो. कामगार कधी रात्रभत्त्यासाठी लांब रात्रपाळ्या मागतात, त्यांची गरज खरी असते. त्यामुळे तक्ता बदलताना भत्ता बुडणार नाही याची हमी आधी द्यावी लागते, नाहीतर नवा तक्ता टिकत नाही.

डाय बदलणं, कुलूपबंद मशीन उघडणं अशी जोखमीची कामं पहाटे तीन ते पाच टाळावीत. मधल्या सुट्टीत वीस मिनिटांची डुलकी घेऊ द्यावी, उठल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मगच मशीनला हात लावू द्यावा. डबल टाळायची तर राखीव माणसं ठेवावीच लागतात. हा खर्च वाचवून बाकी सारं करणाऱ्या व्यवस्थापनाबद्दल मला विश्वास वाटत नाही.

दमदाटीचं काय? लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, पण रोजच्या शिव्यांसाठी आणि अपमानासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे कंपनीनेच लेखी नियम करावा आणि तक्रार त्या लाइनच्या सुपरवायझरकडे न जाता दुसऱ्याकडे जाईल अशी सोय ठेवावी. ‘झोप येतेय’ असं सांगणाऱ्याला त्या रात्री हलकं काम द्यावं, त्याची हजेरी कापू नये.

कारखान्यात हा धोका कितपत आहे, हे ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात ज्या वहीत लिहिले जातात, त्यात आणखी तीन रकाने पाडा: घड्याळातली वेळ, सलग कितवी रात्र आणि आधीच्या पाळीनंतर मिळालेले तास. काही महिन्यांत नोंदी कुठे दाटतात ते दिसेल. मात्र वही कोरी राहिली तर ‘आमच्याकडे काही घडत नाही’ असं समजू नका, लोक नोंद करायला घाबरतात का ते आधी पाहा.

घरात तिसऱ्या पाळीचं माणूस असेल तर सकाळी खोलीत काळोख करा, दाराची घंटा बंद ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत न्या. झोप उडाली असेल किंवा मन सतत खचत असेल, तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.