पहिलं वेबपेज अडतं ते ‘सेव्ह’ करताना

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वेबपेजचा पहिला तास रंगात आला की कुठल्यातरी बाकावरून हाक येते, “सर, माझं पेज नोटपॅडमध्येच उघडतंय!” सर येतात, एकेक ओळ वाचतात, कंस मोजतात. सगळं बरोबर असतं. फाईलवर डबल क्लिक केलं की मात्र ब्राउझरऐवजी पुन्हा नोटपॅडच समोर येतं. चूक लिहिलेल्या ओळींमध्ये नसतेच, ती फाईलच्या नावात असते.

एचटीएमएल शिकवणारी पुस्तकं टॅगपासून सुरुवात करतात. पण नवशिक्या मुलांचं पहिलं पेज टॅगमुळे क्वचितच अडतं. ते अडतं फाईलपाशी: तिचं नाव काय ठेवलं, तिच्यात मराठी अक्षरं कशी साठवली आणि तिच्यासोबतचं चित्र कुठल्या फोल्डरमध्ये आहे, या तीन जागी. या तीन जागा आधी दाखवल्या, तर पाऊण तासाच्या एका तासिकेत मुलाचं पेज उभं राहू शकतं.

साधनं फुकट आणि आधीच हाताशी असतात. विंडोजमध्ये नोटपॅड असतं, लिनक्सवर तसाच एखादा साधा टेक्स्ट एडिटर असतो आणि ब्राउझर तर सगळीकडे असतो. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, कारण पेज स्वतःच्याच मशीनवरून उघडायचं असतं. वर्ड मात्र इथे उपयोगाचं नाही. ते सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हं करतं आणि ब्राउझर ती अवतरणचिन्हं म्हणून ओळखत नाही.

विषय मुलांच्या ओळखीचा असावा. समजा, गावच्या आठवडी बाजाराचं पेज करायचं आहे. सगळा मजकूर एवढाच:

```
<!DOCTYPE html>
<html lang="mr">
<head>
<meta charset="UTF-8">
<title>आमचा बाजार</title>
</head>
<body>
<h1>आठवडी बाजार</h1>
<p>दर मंगळवारी एसटी स्टँडमागे बाजार भरतो.</p>
<img src="bajar.jpg" alt="भाजीची दुकानं">
</body>
</html>
```

`head` मधला मजकूर ब्राउझरसाठी असतो, `body` मधला वाचणाऱ्यासाठी. `h1` म्हणजे मोठा मथळा, `p` म्हणजे परिच्छेद, `img` म्हणजे चित्र. `title` मधला मजकूर पानावर दिसत नाही, तो ब्राउझरच्या टॅबवर दिसतो. मुलांना हे शोधून काढायला सांगितलं तर ती बरोबर शोधतात. पहिल्या दिवशी याहून जास्त टॅगांची गरज नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत केलेलं आणि 1991 मध्ये जगासमोर आलेलं पहिलं संकेतस्थळ नुसत्या मजकुराचं आणि दुव्यांचं होतं. चित्रासाठीचा टॅग त्यानंतर, 1993 मध्ये आला.

आता पहिली अडचण. नोटपॅडच्या सेव्ह ॲज खिडकीत खाली `Save as type` हा रकाना असतो आणि त्यात आधीपासून `Text Documents` निवडलेलं असतं. ते तसंच राहिलं की `index.html` या नावाच्या शेपटीला `.txt` चिकटतं आणि फाईल होते `index.html.txt`. विंडोज हे शेपूट सहसा लपवून ठेवतं, त्यामुळे मुलाला फोल्डरमध्ये `index.html` असंच दिसतं आणि नाव तर बरोबर आहे, असं वाटतं. फाईलचं चित्र ब्राउझरचं न दिसता नोटपॅडचं दिसत असेल, तर हाच घोटाळा झाला असं समजावं. उपाय सोपा आहे. त्या रकान्यात `All files` निवडायचं आणि मग नाव द्यायचं. त्याहून बरं म्हणजे तास सुरू होण्याआधी प्रत्येक मशीनवर फाईल एक्सप्लोररच्या `View` मध्ये जाऊन `File name extensions` चालू करून ठेवायचं. मग शेपूट सगळ्यांना दिसतं आणि मुलं एकमेकांच्या चुका स्वतःच पकडतात.

दुसरी अडचण मराठीत पेज करणाऱ्यांच्या खास वाट्याची आहे. फाईल उघडते, पण “बाजार” या शब्दाच्या जागी `?????` दिसतं. सेव्ह ॲज खिडकीत खाली `Encoding` नावाचा आणखी एक रकाना असतो. अक्षरं फाईलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवायची हे तिथे ठरतं. जुन्या विंडोजमध्ये तिथे आधीपासून `ANSI` असायचं आणि आपल्याकडच्या नेहमीच्या मशीनवर त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नसते. नोटपॅड तसा इशारा देतं, पण मुलं `OK` दाबून मोकळी होतात. मग ब, काना, ज, काना आणि र या पाचांच्या जागी पाच प्रश्नचिन्हं कायमची बसतात. फाईल बंद केल्यावर मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, मजकूर पुन्हा टाईप करावा लागतो. 2019 पासूनच्या विंडोज 10 मध्ये `UTF-8` आधीच निवडलेलं येतं. लॅबमधली मशीनं त्याआधीची असतील, तर तो रकाना दर वेळी पाहावा.

कधी कधी प्रश्नचिन्हांऐवजी `à¤¬à¤¾à¤œà¤¾à¤°` अशी जत्रा दिसते. हे वेगळं दुखणं आहे आणि ते बरं होतं. यात फाईल नीट साठवलेली असते, ब्राउझर ती चुकीच्या पद्धतीने वाचत असतो. `UTF-8` मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून पाच चिन्हांच्या “बाजार”ची ही पंधरा अक्षरं झाली. वर दिलेल्या मजकुरातली `meta charset` ची ओळ विसरली की असं होतं. ती घातली की बाजार पुन्हा भरतो. गंमत म्हणजे ही ओळ नसली तरी स्वतःच्या मशीनवर पेज अनेकदा ठीक दिसतं, कारण तिथली फाईल उघडताना आजचे ब्राउझर अंदाजाने पद्धत ओळखतात. दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने उघडल्यावर पितळ उघडं पडतं.

याच घराण्यातली तिसरी खूण म्हणजे “मराठी”च्या जागी `ejkBh` दिसणं. मुलाने कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर आणून चिकटवलेला असतो. त्या फाँटमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांच्यावर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. फाँट गेला की मुखवटा गळतो. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करायचा, मग कळफलक इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक. `Windows` आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी कळफलक बदलता येतो.

इथेही एक खाच आहे. कळफलक मराठीवरच राहिला आणि मुलाने `<h1>` ऐवजी `<h१>` लिहिलं, तर ब्राउझर तक्रार करत नाही. तो मथळा निमूटपणे साध्या, बारीक अक्षरात दाखवतो. ब्राउझर मुळातच सोशिक असतो. न समजलेला टॅग तो सोडून देतो, न मिटवलेला टॅग स्वतःच्या अंदाजाने मिटवतो. `</h1>` मधली तिरपी रेघ राहून गेली तर खालचा मजकूरही मथळ्याएवढा ठसठशीत होतो, एवढीच काय ती खूण. अशा वेळी फायरफॉक्स उपयोगी पडतो. पेज उघडून `Ctrl+U` दाबलं की त्याचा मूळ मजकूर दिसतो आणि चुकीच्या जागा बऱ्याचदा लाल रंगात उठून दिसतात. इंटरनेट नसतानाही हे चालतं.

राहिलं चित्र. बाजाराचा फोटो डेस्कटॉपवर आणि पेज डॉक्युमेंट्समध्ये असेल, तर चित्राच्या जागी फुटकी चौकट आणि शेजारी “भाजीची दुकानं” हे शब्द येतात. `alt` मधला तो मजकूर अशाच प्रसंगी दिसतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. काही मुलं यावर नामी तोड काढतात आणि `src` मध्ये `C:\Users` पासून सुरू होणारा सबंध पत्ता घालतात. त्या मशीनवर चित्र दिसतंही. पेनड्राइव्हवरून फोल्डर दुसरीकडे नेला की चित्र गायब, कारण तो पत्ता फक्त त्या एका मशीनवर खरा होता. म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःच्या नावाचा फोल्डर करावा, पेज आणि फोटो त्यातच ठेवावेत आणि `src` मध्ये नुसतं फाईलचं नाव लिहावं.

फाईलची नावं इंग्रजी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवावीत. `Bajar.JPG` आणि `bajar.jpg` यांत विंडोज फरक करत नाही, लिनक्स करतं. इंटरनेटवरचे बरेच सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यामुळे लॅबमध्ये दिसणारं चित्र तिथे हरवतं. मोबाइलवर काढलेला फोटो चार-चार हजार पिक्सेल रुंद असतो. तो तसाच घातला तर पडद्यावर नुसता टोमॅटोच्या ढिगाचा एक कोपरा दिसतो. पेंटमध्ये `Resize` करून रुंदी 800 पिक्सेल केली की सबंध बाजार पडद्यात मावतो आणि फाईलही बरीच हलकी होते.

पेज तयार झालं की ते मित्रांना दाखवायची घाई होते. त्यासाठी इंटरनेटवर जायची गरज नाही. लॅबमधली मशीनं एकाच नेटवर्कमध्ये असतील आणि एका मशीनवर पायथन असेल, तर त्या फोल्डरमध्ये कमांडची खिडकी उघडून एक ओळ लिहायची:

```
python -m http.server 8000
```

विंडोजने परवानगी विचारली तर ती खासगी नेटवर्कपुरती द्यायची. `ipconfig` या कमांडने त्या मशीनचा पत्ता कळतो. तो समजा `192.168.1.5` असेल, तर बाकीच्या मुलांनी ब्राउझरमध्ये `http://192.168.1.5:8000` लिहायचं, की बाजार सगळ्या पडद्यांवर भरतो. सर्व्हर आधी `index.html` याच नावाची फाईल शोधतो. ती नसेल तर फोल्डरमधल्या फाईलींची यादी दिसते, म्हणून पहिल्या पेजचं नाव ठरलेलं.

खरोखर इंटरनेटवर ठेवायचं तर गिटहब पेजेस किंवा निओसिटीज यांसारख्या फुकट जागा आहेत. गिटहबवर खातं उघडायला किमान 13 वर्षं वय लागतं. त्यामुळे आठवीच्या खालच्या वर्गाची पेजेस लॅबच्या नेटवर्कवरच दाखवलेली बरी. मोठ्या मुलांची पेजेस बाहेर जाणार असतील, तर पूर्ण नाव, फोटो, घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर त्यांत नसल्याची खात्री शिक्षकांनी करावी आणि पालकांना आधी विचारावं. पहिल्या पेजसाठी “माझी ओळख” हा विषय फळ्यावर हमखास येतो आणि नेमकी हीच माहिती बाहेर सांडतो. बाजार, शाळेतली झाडं, गावचा किल्ला असले विषय त्यापेक्षा सोयीचे.

तेव्हा शिक्षकांनी पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटं टॅगांना देऊ नयेत. फोल्डर करणं, फाईलचं शेपूट दिसेल असं करणं, `All files` आणि `UTF-8` निवडून एक रिकामी `index.html` साठवणं, एवढंच आधी सगळ्यांकडून करून घ्यावं. ती फाईल डबल क्लिक करून ब्राउझरमध्ये कोरं पान दिसलं की मगच `h1` फळ्यावर लिहावा.