मनी प्लांटची खालची पाने पिवळी का पडतात? वय झाले की पाणी जास्त झाले?

मनी प्लांटचे खालचे पान पिवळे दिसले की बहुतेक घरांत पहिला उपाय होतो तो पाणी घालण्याचा. मात्र पान पिवळे पडण्याचे कारण पाणीच असेल, तर हा उपाय झाडाच्या मुळावर येतो. म्हणून आधी कारण ओळखणे आवश्यक असते.

वेल शेंड्याकडे वाढत जाते, तशी तळाची पाने जुनी होतात. अशा पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील नत्र वेल नव्या पालवीकडे वळवते. त्यामुळे वयाने पिकणारे पान बहुधा एकटेच असते, सर्वांत खालचे असते आणि हळूहळू सारखे पिवळे होऊन गळते. शेंड्याला नवे पान उलगडत असेल, तर काळजीचे कारण नाही.

जास्त पाण्याने चित्र वेगळे दिसते. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. परिणामी माती ओली असूनही वेल मलूल दिसते आणि पाहणाऱ्याला ती तहानलेली वाटते.

गोव्यातील एका गॅलरीतील आठ इंची कुंडीचे उदाहरण घेऊ. मे महिन्यात दिवसाआड घातलेले पाणी उन्हाने सुकून जाते. जुलैत हवा दमट असते, ऊन नसते, तरीही पाण्याचा क्रम तोच राहतो. आठवड्याभरात तीन-चार पाने एकदम पिवळी पडतात. ती मऊ असतात, काहींवर काळपट तपकिरी डाग असतात आणि पिवळेपणा वरच्या पानांपर्यंतही पोहोचतो.

खात्री करण्यासाठी मातीत दोन पेरांपर्यंत बोट घालावे. पाणी घालून चार-पाच दिवस झाल्यावरही तेथे ओल लागत असेल, तर संशय बळावतो. मग मातीचा गोळा कुंडीतून अलगद बाहेर काढावा. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी, लिबलिबीत असतात आणि त्यांना दुर्गंधी येते.

कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून वेल नव्या, भुसभुशीत मातीत लावावी. कुंडीचे छिद्र मोकळे ठेवावे आणि बशीत पाणी साचू देऊ नये. यापुढे वरची दोन पेरे माती सुकल्यावरच पाणी द्यावे. बुंधाही मऊ पडला असेल, तर वरचा निरोगी भाग गाठीसह कापून पाण्यात ठेवावा. तेथे नवी मुळे फुटतात.

एक अपवाद लक्षात ठेवावा. माती योग्य वेळी सुकते, मुळे पांढरी आहेत, तरीही खालची पाने एकामागून एक पिवळी पडतात, असे असेल तर नत्राची कमतरता संभवते. मुळांनी कुंडी गच्च भरलेली असल्यासही असे होते. तेव्हा मोठी कुंडी आणि थोडे खत हा उपाय ठरतो. पिवळे झालेले पान मात्र कशानेही पुन्हा हिरवे होत नाही. उपाय लागू पडला की नाही, हे नव्या पालवीवरूनच कळते.