सकाळ-संध्याकाळचा मेसेज: माया की हप्ता?

आज बोलायचं आहे ते सकाळच्या ‘गुड मॉर्निंग’बद्दल आणि रात्रीच्या ‘गुड नाईट’बद्दल. घरातलं माणूस पोटापाण्यासाठी लांब गेलेलं असतं, मुलगी सासरी असते, मुलगा शहरात खोली करून राहतो. अशा घरांत हे दोन मेसेज रोज जातात-येतात. कुणाला त्यांनी बरं वाटतं, तर कुणाला त्यांचं ओझं होतं. असं का होतं, ते बघू.

आधी हे लक्षात घेऊ, की या मेसेजमध्ये बातमी काहीच नसते. सकाळ झाली हे दोघांनाही माहीत असतं. तरी तो पाठवावासा वाटतो. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. वाटेत कुणी भेटलं की आपण ‘काय, जेवण झालं का?’ विचारतो. जेवणाचा हिशोब आपल्याला नको असतो. पोस्टकार्डावर ‘इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी’ हे ठरलेलं वाक्य असायचं, तेही त्यातलंच. मालिनोव्हस्की नावाच्या अभ्यासकाने १९२३ साली हेच मांडलं होतं, की माणसं पुष्कळदा काही सांगायला बोलत नाहीत, जोडलेलं राहायला बोलतात. ‘तू माझ्या ध्यानात आहेस’ एवढंच त्यात सांगायचं असतं.

मग ओझं कधी होतं? ते कळायला आपल्या बचत गटाकडे बघा. गटाचा हप्ता ठरलेल्या तारखेला भरावाच लागतो. चुकला तर दंड बसतो. तिथे ते बरोबरच आहे, कारण तो व्यवहार आहे. पण मेसेज चुकला म्हणून दंड बसायला लागला, म्हणजे रुसवा, अबोला, उलटतपासणी सुरू झाली, की समजावं, मायेचा हप्ता झाला.

एक उदाहरण घेऊ. समजा, मंदा नावाची एक बाई आहे. ती सासूबरोबर गावी राहते. नवरा चाकणला कारखान्यात आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. लग्नानंतर पहिले काही महिने दोघांचे मेसेज असे असत: ‘आज गाईनं धार काढू दिली नाही.’ ‘डब्याची भाजी खारट होती, तुझी आठवण आली.’ कधी सकाळी, कधी दुपारी. एखाद्या दिवशी काहीच नाही. तरी कुणाला काही वाटत नसे.

पुढे वेळ ठरून गेली. सकाळी सहा आणि रात्री दहा. आता गंमत बघा. रोजच्या वेळेला मेसेज आला की त्यात विशेष काही वाटेनासं होतं, कारण तो येणारच हे धरलेलं असतं. पण एक दिवस नाही आला की जीव खालीवर होतो. आल्याचा आनंद कमी होत गेला आणि न आल्याची टोचणी वाढत गेली. मंदाही मग रोज तेच गुलाबाचं चित्र पुढे ढकलायला लागली. एक रात्र ती दिवसभर खुरपणी करून आली आणि भांडी घासून तशीच आडवी झाली. सकाळी फोनवर सवाल होता: ‘रात्री मेसेज का नाही? साडेअकराला तर ऑनलाइन दिसत होतीस.’ त्या दिवसापासून ती डोळे मिटत असतानाही दहापर्यंत जागी राहू लागली.

इथे फोनवरच्या खुणांचा अर्थ नीट कळला पाहिजे. व्हॉट्सअॅपवर मेसेजपुढे एकच खूण असेल, तर तो समोरच्या फोनपर्यंत गेलेलाच नाही. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल. दोन करड्या खुणा म्हणजे फोनवर पोहोचला. दोन निळ्या म्हणजे उघडला. आणि ‘ऑनलाइन’ म्हणजे त्या वेळी त्या फोनवर व्हॉट्सअॅप उघडं होतं, एवढंच. फोन कुणाच्या हातात होता, कुणाशी बोलणं चाललं होतं, हे त्यातून कळत नाही. मंदाच्या घरी त्या रात्री पुतण्या फोन घेऊन बसला होता. खुणेवरून माणसाच्या मनाचा निवाडा केला की असं होतं.

आता आपल्याला कसं ओळखायचं? स्वतःला तीन प्रश्न विचारा. मेसेज लिहिताना ते माणूस डोळ्यापुढे येतं, की ‘राहिला तर काय होईल’ हे येतं? चुकला तर ‘बरी आहेस ना?’ असं विचारतात, की ‘कुठे होतीस?’ असं? आणि तिसरा, पाठवायची सक्ती दोघांवर सारखी आहे, की एकालाच जाब द्यावा लागतो? तिन्ही उत्तरं भीतीकडे झुकली, तर बोलायची वेळ झाली आहे.

बोलायचं कसं? एक साधी तोड आहे. खुशालीचा मेसेज आणि मायेचा मेसेज वेगळे करायचे. रात्रपाळी करून माणूस खोलीवर पोहोचलं का, पोर एसटीतून उतरली का, हे कळलंच पाहिजे. ते ठरलेलं असावं, आणि ‘पोहोचलो’ एवढा एक शब्द पुरतो. बाकीचं मोकळं सोडायचं. हे दोन्ही एकाच ‘गुड नाईट’मध्ये कोंबले, की तो चुकल्यावर एकाच वेळी काळजीही वाटते आणि रागही येतो, आणि काळजीच्या जागी राग बोलून जातो.

मंदाने हे नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी काढलं, भांडण चालू असताना नाही. ती म्हणाली, ‘अहो, तुमचा मेसेज आला की मला बरं वाटतं. पण रात्री दहाला माझे डोळे उघडे राहत नाहीत. तुम्ही पाळीवरून आलात की “पोहोचलो” टाका, मी सकाळी बघते. बाकी मनात आलं तेव्हा लिहू. पंधरा दिवस करून बघू या का?’ आधी माया सांगितली, मग अडचण, मग मुदत. मुदत घातली की समोरच्याला ते कायमचं तोडल्यासारखं वाटत नाही. पहिले चार-पाच दिवस त्यालाही चुकल्यासारखं झालं, कारण सवय मोडताना तसं होतंच. पुढे त्याचेच मेसेज लांब यायला लागले, गुलाबाची चित्रं थांबली.

सगळीकडे असंच होईल असं नाही. तुम्ही मोकळीक मागितल्यावर समोरचा चिडतो, आत्ता कुठे आहेस त्याचा फोटो पाठव म्हणतो, फोनचा पासवर्ड मागतो, माहेरी बोललेलंही तपासतो, तर प्रश्न मेसेजचा उरलेला नाही. ती पाळत आहे. अशा वेळी ‘जाऊ दे, पाठवून टाकू’ म्हणून वेळ मारून नेली की मागणी वाढत जाते. विश्वासातल्या माणसाशी बोला. गटातल्या एका तरी मैत्रिणीला माहीत असू द्या. १८१ या महिला हेल्पलाइनवरही बोलता येतं. मारहाण झाली तरच तक्रार करता येते असं नाही. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात मानसिक छळही धरलेला आहे.

ज्यांच्याकडे एवढं काही नाही, फक्त सवयीचा कंटाळा आहे, त्यांनी उद्या एक करून बघा. तयार चित्र पाठवू नका. आज घरात, रानात जे घडलं त्यातलं एक वाक्य लिहा. लिहिता येत नसेल तर आवाजात बोलून पाठवा. आणि ज्या दिवशी सांगण्यासारखं काही नसेल, त्या दिवशी निवांत झोपा.