न पोचलेल्या पत्राचं पोर

१९६८चा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या रुग्णालयात अशिमा गांगुली बाळंतपणासाठी दाखल झाली आहे. मुलगा होवो वा मुलगी, हातापायाची दहा-दहा बोटं धड असली म्हणजे झालं, असं ती नर्सला इंग्रजीत सांगते, पण ‘फिंगर’ला ‘एस’ लावायचा राहून जातो. बंगालीत आकडा आला की नामाचं अनेकवचन करायची गरज उरत नाही. मराठीत मात्र ‘एक बोट, दोन बोटं’ असं रूप बदलतं. नर्स हसते आणि अशिमाला ती चूक कळांइतकीच झोंबते, कारण कलकत्त्यात ती मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेत असे.

झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीत भाषा हरवते ती अशीच, बारीकसारीक जागी.

अशिमा नवऱ्याचं नाव घेत नाही. ‘अहो, ऐकलंत का’ या आपल्या वळणाचीच तिची हाक असते. बंगाली घरांत प्रत्येकाला दोन नावं असतात. ‘डाकनाम’ घरच्यांसाठी आणि ‘भालोनाम’ शाळा-कचेरीसाठी. बाळाचं भालोनाम ठेवण्याचा मान अशिमाच्या आजीचा. ऐंशी उलटलेली आजी मुलाचं एक आणि मुलीचं एक अशी दोन नावं कागदावर लिहिते आणि पत्र स्वतः टपालात टाकून येते. ते केंब्रिजला कधीच पोचत नाही. पुढे आजीला पक्षाघात होतो, ती माणसं ओळखेनाशी होते आणि मग जाते. नाव ठाऊक असलेली ती एकटीच होती.

रुग्णालय मात्र नाव लिहिल्याशिवाय बाळ घरी सोडत नाही. तेव्हा वडील, अशोक, सुचवतात ‘गोगोल’. तात्पुरतं, घरातलं. पुढे बालवाडीत ‘निखिल’ हे भालोनाम लावायचा प्रयत्न होतो, पण पोर त्या हाकेला ओ देत नाही आणि मुख्याध्यापिका ‘गोगोल’ हेच कायम करतात.

हे रशियन नाव आलं एका अपघातातून. १९६१च्या ऑक्टोबरमध्ये अशोक आगगाडीने जमशेदपूरला आजोबांकडे निघाले होते. घाटशिलाजवळ गाडी रुळांवरून घसरली तेव्हा ते निकोलाय गोगोलची ‘द ओव्हरकोट’ ही कथा वाचत होते. ढिगाऱ्यातून त्यांच्या मुठीतलं पुस्तकाचं चुरगळलेलं पान खाली पडलं, ते कंदीलवाल्यांना दिसलं म्हणून ते वाचले. लेखिकेची खरी करामत इथे आहे. आजीचं बंगाली नाव टपालात गहाळ होतं आणि घराण्याची सगळ्यात खोल आठवण मुलाच्या अंगावर चढते ती परक्या भाषेतल्या शब्दातून. त्या शब्दाचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसतो.

स्वतः न भोगलेल्या, आईवडिलांकडून आलेल्या अशा आठवणींना मारियान हर्श या अभ्यासक ‘पोस्टमेमरी’ म्हणतात. ज्यू संहारातून वाचलेल्यांच्या मुलांबद्दल लिहिताना त्यांनी हा शब्द घडवला. गोगोलची गोष्ट त्या मानाने घरगुती, पण त्याच्याही वाट्याला आधी ओझं येतं आणि गोष्ट फार उशिरा. चौदाव्या वाढदिवसाला वडील त्याला गोगोलच्या कथांचं पुस्तक देतात, अपघाताचं सांगायचं त्यांच्या ओठांवर येतं, पण मुलगा बीटल्सच्या गाण्यांत गुंग असतो. ते न बोलता खोलीबाहेर जातात. अठराव्या वर्षी मुलगा कोर्टात जाऊन नाव बदलतो आणि ‘निखिल’ होतो. खरी हकिगत त्याला कळते ती त्यानंतर, घरासमोर उभ्या गाडीत.

बंगाली शिकवण्याचे प्रयत्न होतात, नाही असं नाही. एक शनिवार सोडून एक शनिवार ओळखीच्यांच्या घरी वर्ग भरतो. कलकत्त्याहून आणलेल्या पुस्तिकांचा कागद मुलांना शाळेतल्या टॉयलेट पेपरसारखा वाटतो. या वर्गापायी गोगोलचा चित्रकलेचा तास बुडतो, त्यामुळे तो चिडलेला असतो. अमेरिकेत दर रविवारी मराठी शाळेला मुलांना नेणाऱ्या पालकांना हे दृश्य फार परकं वाटायचं नाही. मोठेपणी गोगोल बंगाली बोलतो, पण धड लिहू-वाचू शकत नाही.

लिपी गेली तरी सुतक राहतं. वडील ओहायोत एकाएकी वारतात तेव्हा घर दहा दिवस मासे-मांस वर्ज्य करून साधा वरणभात आणि भाजी खातं. लहानपणी आजी-आजोबांच्या सुतकात शाळेत विसरून हॅम्बर्गर खाल्ला म्हणून आई ओरडली होती, हे गोगोलला आठवतं. तेव्हा जाच वाटलेलं ते जेवण आता त्याला हवंसं वाटतं. माझ्या मते कादंबरीतली ही सर्वांत अचूक जागा आहे, कारण इथे वारसा शब्दांवाचून पोचतो.

शेवटी २०००च्या नाताळात घर विकायला निघालं आहे. अशिमा यापुढे सहा महिने भारतात आणि सहा महिने अमेरिकेत राहणार आहे. खाली बंगाली पाहुण्यांचा गलका चालू आहे. वरच्या खोलीत गोगोलला वडिलांनी दिलेलं ते न वाचलेलं पुस्तक सापडतं. तो पलंगावर बसतो आणि ‘द ओव्हरकोट’ उघडतो, रशियनमधून इंग्रजीत आलेली.