क्लोरीनचा हात कुठवर पोचतो?

बशीत चमचाभर खाण्याचा सोडा घ्या आणि त्यावर व्हिनेगर ओता. लगेच फसफसून फेस येतो. व्हिनेगरमधले इथेनॉइक आम्ल, म्हणजेच जुन्या नावाने ॲसेटिक ॲसिड, सोड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढते. हाच प्रयोग प्रयोगशाळेत फिनॉलच्या द्रावणावर केला तर बुडबुडा उठत नाही. वास्तविक फिनॉलचे जुने नाव कार्बोलिक ॲसिड. जोसेफ लिस्टर यांनी १८६० च्या दशकात जखमा कुजू नयेत म्हणून वापरले ते हेच. नावातच ॲसिड असूनही सोड्यापुढे ते गप्प राहते, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जे कार्बोनिक आम्ल होते, त्याच्यापेक्षाही फिनॉल दुबळे आहे.

इथे दुबळे या शब्दाचा अर्थ नीट धरून ठेवायला हवा. फिनॉल कातडीवर पडले तर भयंकर भाजते आणि अंगात शिरून विषबाधाही करते. ते काम त्याच्या आम्लतेचे नसते. आम्लाची ताकद मोजायची ती एकाच गोष्टीवरून: पाण्यात पडल्यावर त्याच्या किती रेणूंनी आपला हायड्रोजन आयन सोडून दिला?

तेव्हा मोजूनच पाहू. प्रत्येक आम्लाचे ०.१ मोल एक लिटर द्रावणात आहे असे धरा, म्हणजे रेणूंची संख्या सगळीकडे सारखी. इथेनॉइक आम्लाच्या दर हजार रेणूंपैकी जेमतेम १३ रेणू हायड्रोजन आयन सोडतात. आता त्याच्या मिथिल गटातला, म्हणजे CH₃ मधला, एक हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवला की क्लोरोइथेनॉइक आम्ल होते, आणि हजारातले सुमारे ११० रेणू फुटतात. दोन क्लोरीन बसवले तर निम्मे, तीन बसवले तर जवळपास तीन चतुर्थांश. फिनॉलकडे आलो की हजारात मोजून भागत नाही. तिथे एक लाखात साधारण तीन रेणू निघतात.

गंमत अशी, की क्लोरीन बसला आहे तो सुटणाऱ्या हायड्रोजनपासून चांगला लांब. मधे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. मग त्याचा तिकडे हात पोचतो कसा?

दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांनी वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन. पण वाटणी नेहमी सारखी नसते. क्लोरीनला इलेक्ट्रॉनांची ओढ कार्बनपेक्षा जास्त, त्यामुळे बंधातले इलेक्ट्रॉन त्याच्या बाजूला सरकतात. शेजारचा कार्बन थोडा उघडा पडतो आणि तो पलीकडच्या कार्बनकडून आपली तूट भरून घेऊ पाहतो. चार जण एका चादरीखाली झोपले असताना टोकाच्याने ती ओढावी, तसे हे सरकणे बंधांच्या साखळीतून पुढे जाते. कॉलेजात याला इंडक्टिव्ह इफेक्ट म्हणतात, मराठी पुस्तकांत प्रेरण परिणाम.

पुष्कळ विद्यार्थी इथे लिहितात की क्लोरीन हायड्रोजनला ढकलून देतो. मला ते उत्तर अपुरे वाटते. खरे पाहायचे ते हायड्रोजन आयन गेल्यानंतर मागे काय उरते याकडे. मागे उरतो ऋणभार असलेला आयन. तो भार दोन ऑक्सिजन अणूंवर एकवटून राहिला तर गेलेल्या हायड्रोजनला परत ओढून घ्यायला तयारच असतो. क्लोरीन त्या भाराचा थोडा हिस्सा आपल्याकडे खेचतो, उरलेला आयन निवांत होतो आणि परतीची ओढ कमी होते.

ही ओढ अंतराने किती झपाट्याने विरते, ते चार कार्बनांच्या ब्युटेनॉइक आम्लात स्पष्ट दिसते. आम्लगटाला लागून असलेल्या कार्बनवर क्लोरीन बसवला तर त्या आम्लाचा विघटन स्थिरांक सुमारे नव्वद पटींनी वाढतो. तोच क्लोरीन एक घर पलीकडे नेला की वाढ उरते सहा पट. आणखी एक घर गेलो की जेमतेम दुप्पट. अणू तोच, रेणूचे सूत्र तेच, बदलली ती फक्त बसायची जागा. प्रेरण परिणाम समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. चादर ओढणारा टोकाला असेल तर चौथ्याला फार थोडी थंडी वाजते.

क्लोरीन वाढवत गेल्यावरही फायदा सारख्या मापाने वाढत नाही. इथेनॉइक आम्लात पहिल्या क्लोरीनने स्थिरांक ऐंशी पटींच्या आसपास वाढतो, दुसऱ्याने त्यावर आणखी तीस-चाळीस पट, तिसऱ्याने मात्र चारेक पटच. एकाच कार्बनकडून तिघे ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार.

आता फिनॉल. त्याला या रांगेत बसवताना सावध राहायला हवे, कारण त्याची गोष्ट फक्त बंधांतून सरकणाऱ्या ओढीची नाही. फिनॉलमधून हायड्रोजन आयन गेला की ऑक्सिजनवरचा ऋणभार बेंझिनच्या वलयात पसरू शकतो. म्हणूनच ते साध्या अल्कोहोलच्या, म्हणजे इथेनॉलच्या, मानाने कितीतरी जास्त आम्लधर्मी आहे. पण हा भार जातो तो वलयातल्या कार्बन अणूंवर, आणि कार्बनला ऋणभार सांभाळायची ऑक्सिजनइतकी आवड नाही. इथेनॉइक आम्लाच्या आयनात मात्र भार दोन ऑक्सिजन अणूंमध्ये अगदी सारखा वाटला जातो. फिनॉलच्या भाराला पसरायला जागा जास्त मिळते, पण ती जागा तितकी चांगली नसते. वलयावर क्लोरीन बसवला तर फिनॉलही थोडे जोरकस होते, आणि इथेही क्लोरीन ऑक्सिजनच्या जितका जवळ तितका परिणाम मोठा.

बहुतेक पुस्तके इथे थांबतात. पण वर मोजलेले सगळे आकडे पाण्यातले आहेत, आणि पाणी नुसते बघत बसत नाही. एकवटलेल्या ऋणभाराभोवती पाण्याचे रेणू रांगा लावून जखडले जातात, आणि ही शिस्त रेणूंना महाग पडते. क्लोरीनने भार पातळ केला की भोवतीचे पाणी पुष्कळ मोकळे राहते. उष्णतेची मापने सांगतात की पाण्यात इथेनॉइक आणि क्लोरोइथेनॉइक आम्लांच्या ताकदीतला बराचसा फरक या मोकळेपणातून येतो.

पाणी काढूनच टाकले तर काय होते? वायुरूपात सुट्या रेणूंवर मोजमाप केले तरी क्लोरोइथेनॉइक आम्ल इथेनॉइकच्या पुढेच राहते. म्हणजे क्लोरीनची ओढ खरी आहे. फिनॉलचे मात्र चित्र पालटते. पाण्यात इथेनॉइक आम्लापेक्षा लाखभर पटींनी दुबळे असलेले फिनॉल वायुरूपात त्याच्या जवळपास बरोबरीला येते. दोघांचा हायड्रोजन आयन काढायला साधारण सारखीच, मोलमागे १४५० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. पाणी नसताना भार मोठ्या वलयावर पसरण्याचा फायदा पूर्ण मिळतो. पाण्यात मात्र दोन ऑक्सिजन अणूंवरच्या भाराला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात आणि इथेनॉइक आम्ल पुढे निघून जाते. सोड्यावर फिनॉल गप्प राहते, त्यात वलयाइतकाच वाटा भोवतीच्या पाण्याचा आहे.