ग्राहकाची गोष्ट, मोजमापासह

कंपनीने ग्राहकाची अडचण कशी सोडवली, हे सांगणाऱ्या दोन मिनिटांच्या व्हिडिओला साधारण अडीचशे शब्दांची संहिता पुरते. तिचे तीन भाग असतात: अडचण, उपाय आणि परिणाम.

समजा, कोल्हापुरातला एक मसाला उत्पादक घरपोच पार्सल पाठवतो आणि काही पार्सलांत भलताच मसाला जातो. ‘खूप चुका होत होत्या’ या वाक्यातून काहीच कळत नाही. उपाय सुरू होण्याआधीच्या महिन्याची नोंद हवी: 2,000 पार्सलांपैकी 60 चुकली, म्हणजे शंभरात तीन. ही अडचण उत्पादकाने स्वतःच्या शब्दांत कॅमेऱ्यासमोर सांगावी.

उपायाच्या भागात कामाची कृती दाखवावी. प्रत्येक पाकिटावर बारकोड लावला. पॅकिंग करताना तो स्कॅन होतो आणि ऑर्डरशी जुळला नाही तर पार्सल बंद करता येत नाही. सुरुवातीला पॅकिंगचा वेग मंदावला असेल, तर तेही सांगावे.

नंतरच्या महिन्यात 2,200 पार्सलांपैकी 22 चुकली. ‘चुकांचे प्रमाण 67 टक्क्यांनी घटले’ हे खरे आहे, पण ‘शंभरात तीनवरून एकवर’ म्हटले की मूळ प्रमाणही कळते. आधीचा महिना दिवाळीच्या गर्दीचा असेल, तर मात्र ही तुलनाच फसवी ठरते. त्याच काळात दोन अनुभवी कामगार नव्याने आले असतील, तर सगळे श्रेय बारकोडला देऊ नये. आकडा कोणत्या काळातला आणि कोणी मोजला, हे ज्या व्हिडिओत सांगितलेले नाही, त्याला जाहिरातच समजावे.